‘फॉर्मर’ म्हणजे शेतकरी नव्हे
(मुदत ठेवीचा फॉर्म वडीलधाऱ्यांना मराठीत समजावून देण्याचा एक पाठ)



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरातले वडीलधारे त्यातली काही रक्कम मुदत ठेवीत टाकतात. फॉर्म घरी आणला जातो आणि शिकलेल्या नातवाच्या किंवा नातीच्या हाती दिला जातो. “बाळ, यात काय लिहिलंय ते सांग आणि भरून दे.” मूल इंग्रजी वाचते, जमेल तसे मराठी करते, आणि आजोबा खाली सही करतात. या ‘जमेल तसे’ मध्ये काय होऊ शकते ते एका सभासदाच्या घरी घडलेल्या प्रकारावरून सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण असा प्रकार कोणाच्याही घरी घडू शकतो.

या सभासदांनी स्वतःच्या व पत्नीच्या नावे दोन लाखांची ठेव ठेवली. फॉर्मवर एके ठिकाणी तीन-चार चौकटी होत्या आणि त्यांपैकी एकीत खूण करावयाची होती. नातवाने वाचले, “आयदर ऑर सर्व्हायव्हर, फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर, जॉइंटली.” मग तो म्हणाला, “आबा, यात फार्मर आहे बघा. आपण शेतकरी, म्हणजे हीच चौकट आपली.” खूण झाली, सही झाली, पावती कपाटात गेली.

पुढे मुदत संपण्याच्या सुमारास आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात चालेना. दवाखान्याचा खर्च समोर उभा, म्हणून आजी पावती घेऊन बँकेत गेल्या. पावतीवर त्यांचेही नाव होते. तरीही साहेबांनी सांगितले, “आजी, ही ठेव पहिल्या नावाच्या सहीने चालते. ते हयात आहेत तोवर तुमच्या एकटीच्या सहीने पैसे देता येत नाहीत.” बँकेने नियमाप्रमाणेच सांगितले. आजारी माणसाचा अंगठा साक्षीदारांसमोर घेण्याची सोय असते. त्याप्रमाणे बँकेचा माणूस दवाखान्यात आला, अंगठा घेतला आणि पैसे मिळाले. पण अकरा दिवस गेले, आणि ते उसनवारीवर काढावे लागले.

‘फॉर्मर’ म्हणजे दोघांपैकी ज्याचे नाव आधी आहे तो. शेतकऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. एका शब्दाचे मराठी चुकले, त्याची ही किंमत.

आधी मराठी फॉर्म मागा, पण तेवढ्यावर थांबू नका

ग्राहकांसाठीचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि त्या त्या प्रांताच्या भाषेत ठेवावेत असे रिझर्व बँकेने बँकांना सांगितलेले आहे. म्हणून प्रथम मराठी फॉर्म मागावा. पण मराठी फॉर्म मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. त्यावर ‘परिचालन पद्धती’ आणि ‘उत्तरजीवी’ असे शब्द असतात. खरे सांगा, आपल्यापैकी किती जणांनी ‘उत्तरजीवी’ हा शब्द तोंडाने उच्चारला आहे? म्हणजे इंग्रजीचे मराठी झाले तरी त्या मराठीचे घरच्या बोलीत करणे उरतेच, आणि ते काम घरातल्याच माणसाने करावयाचे आहे.

ते असे करावे. फॉर्मची एक झेरॉक्स काढावी. मूळ फॉर्म पिशवीत ठेवून द्यावा, त्यावर काही लिहू नये. झेरॉक्सवरच्या प्रत्येक रकान्याला पेन्सिलीने क्रमांक द्यावा. मग एका वहीच्या पानावर तेच क्रमांक घालून प्रत्येकापुढे इंग्रजी शब्दाचा उच्चार व त्याचे मराठी लिहावे. उच्चार लिहिणे जरुरीचे आहे, कारण बँकेत गेल्यावर साहेब तोच शब्द बोलणार, आणि आबांना तो कानाने ओळखता आला पाहिजे.

सगळे लिहून झाले की शब्दांच्या दोन राशी पडतात. पहिल्या राशीत नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन नंबर, खाते क्रमांक, ठेवीची रक्कम. येथे अर्थ एकच असतो. चूक झाली तर ती लिहिण्याची चूक असते आणि लगेच दिसते. दुसऱ्या राशीत ते शब्द, ज्यांच्यावरून पैसे कोणाला, केव्हा आणि कोणाच्या सहीने मिळणार हे ठरते. येथली चूक त्या दिवशी दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी दिसते. अशा प्रत्येक शब्दाभोवती गोल करावा. गोल म्हणजे याचे मराठी आम्ही केले आहे, पण साहेबांकडून खात्री झाल्याशिवाय सही करायची नाही.

मुदत ठेवीच्या फॉर्मवर असे गोल करण्याजोगे शब्द पुष्कळ नसतात. त्यांपैकी चार मुख्य शब्द क्रमाने घेऊ.

पहिला गोल : मोड ऑफ ऑपरेशन

याचे सरळ मराठी ‘ठेव कोणाच्या सहीने चालावयाची’ असे करावे. त्याखालच्या चौकटींचे मराठी येणेप्रमाणे.

आयदर ऑर सर्व्हायव्हर : दोघांपैकी कोणीही एक, आणि एक गेल्यास मागे राहील तो.

फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर : दोघे हयात असता फक्त पहिल्या नावाचा, तो गेल्यास मागे राहील तो.

जॉइंटली : प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या.

‘सर्व्हायव्हर’चे मराठी ‘वाचलेला’ असे करू नये. अपघातातून वाचलेला असा अर्थ वडीलधारे घेतात. ‘दोघांपैकी मागे राहील तो’ हेच म्हणावे. ऐकायला जरा जड वाटते, पण अर्थ नेमका पोचतो.

फॉर्मरची चौकट वाईट आहे असे समजू नका. आपल्या हयातीत पैशावर आपलाच ताबा असावा, पण आपल्यामागे पत्नीला अडचण पडू नये, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठीच ती आहे. मात्र ती समजून-उमजून निवडलेली असावी.

येथेच आणखी एक गोष्ट. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना बँका साधारणपणे थोडा जादा व्याजदर देतात, आणि तो बहुतेक ठिकाणी पहिले नाव ज्याचे त्याचे वय पाहून देतात. म्हणून पहिले नाव कोणाचे घालावयाचे हे सहीच्या चौकटीबरोबरच ठरवावे. जादा व्याजासाठी आबांचे नाव पहिले घातले आणि चौकट फॉर्मरची निवडली, तर सगळा भार आबांच्या सहीवर येतो.

दुसरा गोल : प्रीमॅच्युअर विड्रॉवल मँडेट

‘प्रीमॅच्युअर विड्रॉवल’ म्हणजे मुदतीआधी पैसे काढणे. इथपर्यंत सोपे आहे. घोटाळा ‘मँडेट’ या शब्दाशी होतो. त्याचे मराठी ‘आदेश’ केले की आबा म्हणतात, “आम्ही बँकेला कसला आदेश देणार?” आणि तो रकाना कोरा राहतो. येथे त्याचा अर्थ ‘दोघांनी मिळून आधीच लिहून दिलेली संमती’ असा आहे.

ही संमती कशासाठी लागते? पुष्कळांचा समज असा की ‘दोघांपैकी कोणीही’ची चौकट निवडली म्हणजे केव्हाही, कोणीही जाऊन पैसे आणावेत. तसे नाही. ती चौकट मुदत संपल्यावरच्या पैशाला लागू असते. रिझर्व बँकेने २०१२ साली बँकांना हे स्पष्ट करून कळविले होते. त्यातला भाग थोडक्यात असा : मुदत पुरी झाली की एकाची सही पुरते. मुदतीआधी ठेव मोडावयाची तर दोघे हयात असता दोघांच्या सह्या लागू शकतात. दोघांपैकी एक गेला असेल आणि मुदतीआधी पैसे हवे असतील, तर मागे राहिलेल्याबरोबर गेलेल्याच्या कायदेशीर वारसांचीही संमती लागते. मात्र दोघांनी मिळून तशी संमती आधीच लिहून दिलेली असेल, तर बँकेला चौकटीप्रमाणे मुदतीआधीही पैसे देता येतात.

आता विचार करा. पाच वर्षांची ठेव आहे, दुसऱ्या वर्षी आबा गेले, आणि आजींना पैसे हवेत. संमती लिहिलेली नसेल तर तीन मुलांच्या सह्या गोळा करावयाच्या. एक मुलगा परगावी, एकाशी बोलणे नाही. कोऱ्या राहिलेल्या एका रकान्याचा हा परिणाम. काही बँकांच्या फॉर्मवर हा रकाना असतो, काहींकडे वेगळा कागद असतो. फॉर्मवर दिसला नाही तरी वहीत हा प्रश्न लिहावाच.

तिसरा गोल : नॉमिनी

आपल्याकडे सर्रास म्हणतात, “धाकट्याला वारस लावला.” कित्येक मराठी फॉर्मवरही ‘वारसनोंद’ असेच छापलेले असते. हे मराठी सोयीचे आहे, पण अर्थाने चुकीचे आहे. नॉमिनी म्हणजे ठेवीदाराच्या मागे बँकेने ज्याच्या हाती पैसे द्यावयाचे तो. पैसे हाती आले म्हणून तो त्यांचा मालक झाला असे नाही. वारस कोण, कोणाचा हिस्सा किती, हे वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली एका बँक खात्याच्या प्रकरणात असाच निर्णय दिलेला आहे. म्हणून वहीत ‘वारस’ लिहू नये, ‘मागे पैसे स्वीकारणारा’ असे लिहावे.

दोघांच्या नावच्या ठेवीत नॉमिनीचा प्रश्न दोघेही गेल्यावर येतो. पतिपत्नींची ठेव असेल तर पत्नी आधीच भागीदार आहे, तिला पुन्हा नॉमिनी करण्यात अर्थ नाही. येथे पुढच्या पिढीतले नाव यावे.

पूर्वी एका ठेवीला एकच नॉमिनी चाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून चौघांपर्यंत नावे देता येतात, आणि त्यामुळे दोन नवे शब्द आले आहेत. ‘सायमल्टेनियस’ म्हणजे सर्वांना एकाच वेळी, ठरवून दिलेल्या हिश्शाने. येथे टक्के लिहावे लागतात आणि त्यांची बेरीज शंभर भरली पाहिजे. ‘सक्सेसिव्ह’ म्हणजे एकामागून एक. पहिला नसेल तर दुसरा, तो नसेल तर तिसरा. या दोहोंत अदलाबदल झाली तर तिघांना द्यावयाचे पैसे एकाच्याच हाती पडतील. म्हणून याभोवती दोन वेळा गोल करावा.

येथे दोन बारकावे आहेत. ‘रिलेशनशिप’ या रकान्यात नॉमिनी आपला कोण लागतो ते लिहावयाचे. मुलाचे नाव घातले तर ‘मुलगा’. फॉर्म मुलगाच भरीत असला तर चुकून ‘वडील’ लिहितो. दुसरे असे की, नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचे नाव मागतात. त्याचे मराठी ‘पालक’ असे केले की लोक आई-बापांपलीकडे विचार करीत नाहीत. हा माणूस कोण असावा हे ठेवीदाराने ठरवावयाचे असते.

चौथा गोल : क्युम्युलेटिव्ह, आणि मुदत संपल्यावरची सूचना

‘क्युम्युलेटिव्ह’चे कोशातले मराठी ‘संचयी’. घरच्या भाषेत, ‘व्याज हाती न घेता ठेवीतच साठवीत जाणे आणि शेवटी एकदम घेणे’. ‘नॉन-क्युम्युलेटिव्ह’ म्हणजे व्याज ठरल्या वेळी हाती घेणे. हिशेबापुरता दर ७ टक्के धरू. दोन लाख दोन वर्षांसाठी ठेवले आणि दर तिमाहीस व्याज घेतले, तर प्रत्येक वेळी ३,५०० रुपये, म्हणजे आठ हप्त्यांत २८,००० मिळतात. तेच व्याज साठत ठेवले तर शेवटी सुमारे २,२९,७७६ रुपये एकदम मिळतात. दुसऱ्यात पावणेअठराशेच्या आसपास जास्त मिळतात हे खरे. पण ज्या घरात तिमाहीच्या व्याजावर औषधे यावयाची आहेत, तेथे ‘जास्त मिळते’ म्हणून साठवणीची चौकट निवडली तर औषधांना पैसे कुठून आणणार?

त्याच्याच खाली ‘मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन’ असते. म्हणजे मुदत संपली की काय करावे याची सूचना. ‘ऑटो रिन्यूअल’ म्हणजे बँकेने आपण होऊन ठेव पुन्हा तेवढ्याच काळासाठी चालू ठेवणे. याचे नुसते ‘नूतनीकरण’ केले तर आबांना वाटते आपल्याला विचारून करतील. विचारले जात नाही. पुन्हा ठेवताना त्या दिवशीचा दर लागतो, आणि पैसे पुन्हा मुदतीत अडकतात. लग्नकार्यासाठी ठेवलेली रक्कम असेल तर ‘मुदत संपताच बचत खात्यात जमा’ हीच सूचना द्यावी.

साहेबांना शब्द विचारू नका, प्रसंग विचारा

आता वहीचे पान घेऊन बँकेत जावयाचे. येथे एक चूक बहुतेकजण करतात. ते विचारतात, “साहेब, मँडेट म्हणजे काय हो?” साहेबांपुढे रांग उभी असते. ते म्हणतात, “ती एक संमती असते, करा सही.” उत्तर खरे आहे, पण आपल्या कामाचे नाही. म्हणून शब्द विचारू नये. घरात जो प्रसंग येऊ शकतो तो सांगून विचारावे. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येते.

वर सांगितलेल्या सभासदांनी, तब्येत सुधारल्यावर, पुढची ठेव ठेवताना तसेच केले. या वेळी नातीने पान तयार केले होते. तिने लिहिलेले प्रश्न असे :

१. मी आजारी पडलो आणि मुदत संपली असेल, तर हिच्या एकटीच्या सहीने पैसे मिळतील का?

२. मुदत संपायच्या आधी हिला पैसे लागले, तर माझी सही लागेल का? मी गेलो असेन तर मुलांच्या सह्या लागतील का? लागू नयेत म्हणून कोणत्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या कराव्यात?

३. मुदतीआधी मोडली तर व्याजात किती कपात?

४. आम्ही दोघेही गेल्यावर पैसे तिन्ही मुलांना सारखे मिळावेत, तर नॉमिनीच्या कोणत्या चौकटीत काय लिहावे?

५. दर तिमाहीचे व्याज माझ्या बचत खात्यात पडेल ना? आणि मुदत संपल्यावर ठेव आपोआप पुन्हा चालू होणार नाही ना?

साहेब पान पाहून जरा थबकले. मग म्हणाले, “आबा, बसा. पहिल्याला हो. चौकट ‘दोघांपैकी कोणीही’ची घ्या. दुसऱ्याला, आमच्याकडे वेगळा कागद आहे. तो आज भरला नाही तर दोघांच्या सह्या लागतील, आणि मागाहून मुलांच्याही.” तो कागद या फॉर्मबरोबर दिलेलाच नव्हता. विचारले म्हणून मिळाला. चौथ्या प्रश्नाशी आणखी एक गोष्ट निघाली. तिघांना सारखे म्हणून नातीने ३३, ३३, ३३ टक्के लिहिले होते. बेरीज ९९. साहेबांनी एकीकडे ३४ करावयास सांगितले. “कोणाला ३४ द्यायचे?” यावर आबा-आजींचे तिथेच थोडे बोलणे झाले. शेवटी लेकीला दिले.

प्रत्येक उत्तर नातीने त्याच पानावर प्रश्नासमोर लिहिले, तारीख घातली, आणि उत्तर देणाऱ्या साहेबांचा हुद्दा लिहिला. मग एकेक गोल खोडला. शेवटचा गोल खोडल्यावरच पिशवीतला मूळ फॉर्म बाहेर निघाला. आबांचा हात अजून नीट चालत नसल्याने त्यांनी अंगठा दिला. नॉमिनीच्या कागदावर अंगठा असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, हेही साहेबांनी आधीच सांगितले होते. म्हणून शेजारचे दोघे बरोबर नेले होते.

पावती हाती आल्यावर

काम येथे संपत नाही. फॉर्मवरची खूण बरोबर असली तरी यंत्रात भरताना चूक होऊ शकते. पावती हाती येताच काउंटरवरून हलण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात : नावांचा क्रम, सहीची पद्धत, व्याज कसे मिळणार, आणि नॉमिनीची नोंद. सहीची पद्धत पावतीवर आखूड लिहिलेली असते. ‘ई ऑर एस’ म्हणजे दोघांपैकी कोणीही, ‘एफ ऑर एस’ म्हणजे पहिल्या नावाचा. एका अक्षराचा फरक, पण आजींचे अकरा दिवस त्याच अक्षरात अडकले होते. नॉमिनीचे नाव पावतीवर नको असेल तर निदान ‘नॉमिनेशन नोंदले’ असा शेरा असावा, आणि नोंदीची पोच मागून घ्यावी.

ज्यांच्या ठेवी आधीच चालू आहेत त्यांनी आज कपाट उघडून पावती पाहावी. सहीची पद्धत बदलावयाची असेल किंवा मुदतीआधीची संमती द्यावयाची असेल, तर दोघांनी मिळून बँकेत जाऊन विचारावे. दोघेही सही करू शकतात तोवरच हे सोपे असते.

आणि वहीचे ते पान फाडून टाकू नका. पावतीबरोबर ठेवा. उद्या आजी एकट्या बँकेत गेल्या तर त्यांना इंग्रजी पावती वाचता येणार नाही, पण नातीच्या अक्षरातले “हिच्या एकटीच्या सहीने पैसे मिळतील : हो” हे वाचता येईल.

कळावे.